जॉबवर्क कॉस्टिंगचा कोर्स: प्रकल्प नोंदी

३ जून
कोर्स काढायचं ठरलं. म्हणजे भाच्यानं ठरवलं आणि मी मान डोलावली. दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या मशीन शॉपच्या मालकांना मशीनच्या तासाचा रेट काढायला शिकवायचं, हा विषय चौदा वर्षं मी पगारावर केला आणि गेली तीन वर्षं सल्लागार म्हणून करते आहे. भाच्याचं म्हणणं, "मावशी, एकदा रेकॉर्ड करून टाक, मग झोपेतही पैसे येतील." त्याच्याकडे कॅमेरा आहे. कॉलर माईक आणि दोन लाइट मिळून अठरा हजारांची यादीही त्यानं आणली आहे.

यादी बाजूला ठेवून आज एकच व्हिडिओ करून बघितला. विषय घसारा, लांबी बारा मिनिटं. सकाळी नऊला बसले. मुद्दे लिहिणं, एक्सेल शीट तयार करणं, चार वेळा चुकणं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडला म्हणून पाचव्यांदा घेणं, मग भाच्यानं कापाकापी करणं. दुपारचे दोन वाजले. बारा मिनिटांना पाच तास.

५ जून
आज कागदावर हिशोब मांडला. दुसऱ्यांचं कॉस्टिंग करणारीनं स्वतःचं आधी करायला हवं होतं, पण ते राहूनच गेलं होतं.

रेकॉर्डेड कोर्स: ४० व्हिडिओ, प्रत्येकी ५ तास, म्हणजे २०० तास. माझा सल्ल्याचा दिवस पाच हजारांना जातो, आठ तास धरले तर तासाला ६२५. त्या भावानं माझा वेळ सव्वा लाखाचा, त्यात माईक-लाइटचे अठरा हजार. एकूण १,४३,०००. असे कोर्स साधारण १,४९९ ला विकतात, तेवढेच ठेवले तर नुसता खर्च निघायला ९६ जण हवेत.

माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये माणसं आहेत २१४. त्यातल्या ९६ जणांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्यांनी पैसे भरले तर मी शून्यावर येणार. ओळखीच्या यादीतूनसुद्धा शंभरात दोन-पाच जणांनी पैसे काढले तर नशीब. भाचा म्हणाला, "जाहिरात करू." म्हटलं, त्याचा खर्च या हिशोबात अजून धरलेलाच नाही.

लाइव्ह बॅच: ६ सत्रं, प्रत्येकी २ तास. तयारी २४ तास. १२ जणांनी प्रत्येकी ५ शीट पाठवल्या आणि एक तपासायला २० मिनिटं लागली तर २० तास. असे ५६ तास. लोकांना फोन करून पटवायचे ३० तास धरले तर ८६. सुमारे चोपन्न हजार रुपये. फी ६,००० ठेवली तर नऊ जणांत खर्च निघतो.

९६ आणि ९. लाइव्हमध्ये कमाईला कमाल मर्यादा आहे, रेकॉर्डेडमध्ये नाही, हे खरं. पण आज माझा प्रश्न छताचा नाही, पायाचा आहे. कॅमेऱ्याची पिशवी परत भाच्याच्या गाडीत ठेवली. तो थोडा नाराज झाला.

१४ जून
आठवडाभर माणसांना भेटले. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांत मिळून पंधरा शॉप. नियम असा केला होता की "असा कोर्स काढला तर घ्याल का?" हे कुणालाच विचारायचं नाही. आपल्याकडे समोर बसलेल्या बाईला कोण नाही म्हणेल? चहा मागवून "काढा की ताई, गरज हाय" असंच म्हणतात. म्हणून फक्त झालेल्या गोष्टी विचारल्या. शेवटचं कोटेशन कधी दिलं, त्यातला आकडा कुठून आला, आणि रेट कळावा म्हणून आजवर कशावर पैसे घातलेत?

पंधरापैकी अकरा जणांचं उत्तर थोड्याफार फरकानं एकच आलं: शेजारी चारशे घेतो म्हणून आम्ही चारशे. उद्यमनगरातल्या एका काकांनी तर समोरच्या शटरकडे बोट दाखवलं, "तो माझ्याकडं बघून लावतोय, मी त्याच्याकडं बघून लावतोय."

पैसे घातलेले चारच निघाले. एकानं सीएकडून, एकानं सल्लागाराकडून पंधरा हजार देऊन रेट काढून घेतला होता. उरलेल्या दोघांनी एक्सेलचा ऑनलाइन कोर्स विकत घेतला होता. दोघांचाही तो तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओपाशी थांबलेला. एकानं मोबाइल उघडून दाखवला, अकरा टक्क्यांवर हिरवी पट्टी अडकलेली. "येळ कुठाय ओ? आणि त्यात सगळी उदाहरणं किराणा दुकानाची."

वहीत या चौघांच्या नावापुढे खूण केली. दुखणं पंधरांना आहे, पण त्यावर औषध विकत घेतलेले चार. मला आधी या चौघांसारखी माणसं हवीत.

१७ जून
भाच्याच्या आग्रहाखातर ग्रुपवर मतदान टाकलं. "मशीन अवर रेटचा कोर्स हवा का?" संध्याकाळपर्यंत ४७ अंगठे. भाचा खूश. मी सगळी नावं तारखेसह उतरवून ठेवली, पुढे जुळवून बघायला.

२१ जून
काल विक्रीचा एक पानाचा मजकूर ४० जणांना एकेकट्याला पाठवला. शीर्षक: "जॉबवर्कचं कॉस्टिंग शिका". खाली सहा सत्रांचे विषय, फी ६,०००. दोन उत्तरं आली. त्यातलं एक "गुड मॉर्निंग"चं फूल.

आज मजकूर पुन्हा वाचला तर तो अभ्यासक्रमासारखा वाटला. घसारा, प्रत्यक्ष खर्च, अप्रत्यक्ष खर्च. पंधरा भेटींत यातला एकही शब्द कुणाच्या तोंडून आला नव्हता. त्यांच्या तोंडी होतं "महिनाअखेरीला हातात काही राहत नाही" आणि "पार्टी रेट पाडून मागते". नवं शीर्षक केलं: "तुमच्या एका मशीनचा खरा तासाचा रेट, तुमच्याच बिलांवरून, सहा आठवड्यांत". फी आणि वेळ मुद्दाम तसेच ठेवले. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, हे मशीनवर कट लावणारा कुणीही सांगेल.

२४ जून
नवा मजकूर दुसऱ्या ४० जणांना पाठवला होता, त्यावर चौदा जणांनी काही ना काही विचारलं. आता सगळ्यांसाठी नोंदणी उघडली. आणि उघडण्याआधी हे लिहून ठेवलं, म्हणजे नंतर मलाच पळवाट नको:

पूर्ण सहा हजार आगाऊ. "नंतर देतो" हे धरायचं नाही. शेवटची तारीख ७ जुलै, मुदतवाढ नाही. नातेवाईक आणि जुने सहकारी मोजायचे नाहीत. अनोळखी किंवा फक्त कामापुरती ओळख असलेले १० जण झाले तर बॅच, नाहीतर सगळ्यांचे पैसे ८ तारखेला परत. पैसे वेगळ्या खात्यात, त्यातला रुपयाही वापरायचा नाही. "बॅच भरली तरच होईल" हे पैसे घेण्याआधी प्रत्येकाला सांगायचं.

शेवटची अट भाच्याला पटली नाही, लोक बिचकतील म्हणाला. बिचकू देत. न बनवलेली वस्तू विकताना ती अजून बनलेली नाही हे सांगितलं नाही तर ती फसवणूकच.

तिघांनी जीएसटी बिल मागितलं. माझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या बरीच आत आहे, त्यामुळे नोंदणी नाही आणि त्यांना क्रेडिटही मिळणार नाही. तसं सरळ कळवलं. एक गळाला.

८ जुलै
पैसे भरलेले अकरा. त्यातला एक माझा दीर, एक जुन्या कंपनीतला सहकारी. उरले नऊ. ठरवलेला आकडा दहा.

रात्री बराच वेळ वही उघडून बसले होते. नऊवर खर्च निघतो हे माझ्याच हिशोबात आहे, दहावा मी उशी म्हणून धरला होता. म्हणून बॅच करायची ठरवली. पण स्वतःच्या नियमात मी एक माणूस वाकवला, हे इथं लिहून ठेवते. पुढच्या वेळी दोन वाकवावेसे वाटतील.

"करतो" म्हणून न भरलेल्या सात जणांना फोन केले. फीबद्दल एकच बोलला. पाच जणांचं म्हणणं, साडेसातला आमचा माल गाडीत चढत असतो. सत्र साडेआठला नेलं. हे नोंदणीआधी कळलं असतं तर दहा झाले असते का, कोण जाणे.

अंगठ्यांची यादीही जुळवली. १७ जूनला अंगठा दाखवणाऱ्या ४७ पैकी पैसे भरले चौघांनी. भरलेल्या अकरापैकी सात जणांनी मतदानात भागच घेतला नव्हता. भाचा यादी दोनदा बघून गप्प बसला. पंधरा भेटींतल्या ज्या चौघांपुढे खूण केली होती, त्यातले तीन या अकरात आहेत.

१६ जुलै
पहिलं सत्र. वीजबिल, कर्जाचं वेळापत्रक आणि पगारपत्रक समोर घेऊन बसा म्हणून सांगितलं होतं. तिघांकडे काहीच नव्हतं. झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांत बंद पडते हे मला माहीत होतं. तरी महिन्याचं पैसे भरून घ्यायचं राहिलं आणि ऐन रंगात सगळे बाहेर फेकले गेले. दुसऱ्या लिंकवर परत आलेले नऊ.

२३ जुलै
आज तासांचा विषय. मशीन वर्षाला किती तास चालतं? सगळ्यांनी झटकन सांगितलं: दोन शिफ्ट, सोळा तास, तीनशे दिवस, ४,८०० तास. मी विचारलं, नोंद कुठं आहे? कुणाकडेच नाही.

मग गृहपाठ दिला. मशीनला दोरीनं वही बांधायची. स्पिंडल सुरू झाला की वेळ, थांबला की वेळ आणि थांबण्याचं कारण एका शब्दात. सहा दिवस. हे ऐकल्यावर एकानं सत्र संपताच पैसे परत मागितले. "ऑपरेटरला लिहायला लावलं तर तो सोडून जाईल" म्हणाला. पूर्ण सहा हजार लगेच परत केले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि वहीशिवाय त्याला माझा काही उपयोगही नव्हता.

३० जुलै
सत्र रद्द. पंचगंगेचं पाणी चढलेलं, शिरोलीच्या दोघांकडे वीज नाही, एकजण शॉपमधल्या मोटारी वर उचलून ठेवण्यात गुंतलेला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, या दोन आकड्यांपुढे माझा रेट कोण काढणार? सगळं वेळापत्रक एक आठवडा पुढं.

भाचा म्हणाला, रेकॉर्डेड असतं तर पुराचा प्रश्नच नव्हता. या बाबतीत तो बरोबर आहे.

६ ऑगस्ट
आजची नोंद लांब होणार.

शिरोलीतले दोघे भाऊ, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, किंमत तीस लाख. ते पार्टीकडून तासाला चारशे घेतात. धाकट्यानं शीट पाठवली आणि खाली लिहिलं, "मॅडम, ४१८ आला. म्हणजे आमचा अंदाज बरोबरच होता." सूर खुशीचा.

शीट उघडली. त्यानं कर्जाचा पूर्ण हप्ता खर्चात धरला होता, महिना ५२,०००, वर्षाला ६ लाख २४ हजार. त्याशिवाय घसाराही २ लाख ४० हजार. ही मशीनची किंमत दोनदा वसूल करणं झालं. हप्त्यातला मुद्दल भाग म्हणजे मशीनचेच पैसे, आणि तेच घसाऱ्यातून येतात. खर्चात फक्त व्याज धरायचं, ते त्यांच्या बाबतीत वर्षाला साधारण दीड लाख. म्हणजे शीटवर पावणेपाच लाख जास्तीचे चढले होते.

पण भागाकार त्यानं ४,८०० तासांनी केला होता. वही विचारली तर म्हणाला, ती दुसऱ्या पानावर आहे, अजून बघितली नाही. सगळ्यांसमोर स्क्रीनवर बेरीज केली. सहा दिवसांत ९६ तासांपैकी स्पिंडल फिरला ५४ तास. बाकीच्या वेळेसमोर लिहिलेलं: सेटिंग, सेटिंग, कास्टिंग आलं नाही, इन्सर्ट, सेटिंग, जेवण, लाइट गेली. त्या हिशोबानं वर्षाला ४,८०० नाही, २,७०० तास.

मग खर्च पुन्हा मांडला. घसारा २.४० लाख (तीस लाखांतून शेवटी सहा लाख येतील, दहा वर्षं), व्याज १.५०, जागेचा वाटा ०.९६, दोन ऑपरेटर ४.३२, देखभाल आणि कुलंट १.२०, ऑफिस-देखरेखीचा वाटा १.५०. एकूण ११.८८ लाख. भागिले २,७०० म्हणजे ४४०. त्यात वीज तासाला ७२. रेट आला ५१२. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टोकं, यात नाहीत, ते जॉबवर वेगळे पडतात.

म्हणजे दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या. हप्त्यानं आकडा वर नेला, फुगवलेल्या तासांनी खाली आणला, आणि येऊन थांबला बरोबर शेजाऱ्याच्या चारशेपाशी. उत्तर ओळखीचं दिसलं म्हणून त्याला ते खरं वाटलं. घसाऱ्यावरचा माझा बारा मिनिटांचा व्हिडिओ त्यानं दहा वेळा बघितला असता तरी ही चूक निघाली नसती, कारण त्याच्या मते चूक नव्हतीच. ती शीट उघडून कुणीतरी बघायला हवी होती.

थोरला भाऊ इतका वेळ कॅमेऱ्याबाहेर होता, तो पुढे आला. "पाचशे बारा कोण देणार मॅडम?" कोणी देणार नाही. पण सेटिंगचा वेळ कमी करून तास ३,४०० पर्यंत नेले तर रेट ४२१ वर येतो. पार्टीशी वीस-पंचवीस रुपयांवर बोलता येतं, शंभरावर नाही. पुढचा अर्धा तास सगळे त्यांच्या सेटिंगबद्दलच बोलत होते आणि आजचा ठरलेला विषय राहिला.

२० ऑगस्ट
सहाजणच आले. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख. कॅलेंडर बघून ठेवायला हवं होतं, पुरामुळे पुढं ढकलताना लक्षात आलं नाही.

२९ ऑगस्ट
परवा शेवटचं सत्र झालं, गणपतीच्या आत उरकलं. आज ताळेबंद.

अकरापैकी एक पैसे घेऊन गेला, दोघे मधेच गळाले, आठ जणांनी स्वतःचा रेट काढला. जमा ६०,०००. माझे तास: सत्रं १५ (दर वेळी लांबली), तयारी ३१, शीट तपासणं २३, मधले फोन ९, विक्री ३३. एकूण १११. तासाला ५४०. सल्ल्याच्या कामाला ६२५ मिळतात. म्हणजे माझाच रेट पडला.

सगळ्यात मोठी चूक तपासणीत. एका शीटला २० मिनिटं धरली होती, लागली सरासरी ३४. बारा जणांची बॅच मला पेलणारच नाही, दहा ही हद्द.

दुसरी एक वही मी सहा आठवडे ठेवली होती, प्रश्नांची. एकूण ६३ प्रश्न आले. त्यातले १७ असे, ज्यांचं उत्तर सगळ्यांना सारखंच: घसारा किती वर्षांचा, हप्ता की व्याज, वीजबिलातून एका मशीनची वीज कशी वेगळी काढायची. उरलेले ४६ त्या त्या माणसाच्या आकड्यांबद्दल. "कास्टिंगच्या आतला ब्लो होल मशीनिंग झाल्यावर निघाला, आमच्या मेहनतीचे पैसे कोण देणार?" यासारखे प्रश्न तर पार्टी कोण आणि ऑर्डरवर काय लिहिलंय, हे बघितल्याशिवाय सुटत नाहीत.

विषय ड्रॉइंग वाचन असता तर हे प्रमाण उलटं पडलं असतं. ड्रॉइंगवरची खूण शिरोलीत तीच आणि पुण्यात तीच. तिथं एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवलेलं वर्षानुवर्षं चालेल, आणि मीही तिथं लाइव्ह बॅचच्या भानगडीत पडले नसते.

२० सप्टेंबर
भाचा मागे लागलाय: आता बॅच झाली, लोकांनी पैसे दिले, म्हणजे मागणी सिद्ध झाली, रेकॉर्ड करू. मी म्हटलं, सहा हजारांना माझ्याकडून शीट तपासून घेण्याची मागणी सिद्ध झाली. १,४९९ ला एकट्यानं व्हिडिओ बघण्याची झाली का? ती वेगळी वस्तू आहे, तिची परीक्षा वेगळी.

म्हणून रेकॉर्डेडचीही आगाऊ नोंदणी, त्याच अटींवर. सत्रांची रेकॉर्डिंग हाताशी आहेत, पण त्यात लोकांचे आकडे दिसतात, ती वापरता येणार नाहीत. नव्यानं, पण सरावानं, ६० तासांत होईल. ३७,५०० रुपयांचा वेळ, २६ जणांत निघतो. आकडा ३० ठेवला. मुदत दहा दिवस. ग्रुपमध्ये आता २६० जण आहेत.

१ ऑक्टोबर
सहा.

सहाच्या सहा जणांना पैसे परत. पाचांचे यूपीआयवर, त्यात काही गेलं नाही. एकानं लिंकवरून कार्डानं भरले होते. त्याला पूर्ण १,४९९ दिले, गेटवेचं दोन टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी काही परत आला नाही, पस्तीस रुपये माझ्या खिशातून. पस्तीस रुपयांत ६० तास वाचले.

परत करताना सहाही जणांशी बोलले. चौघांनी पैसे भरण्याआधीच मला मेसेज केला होता: "शीट तपासून मिळेल ना?" त्यांना रेकॉर्डेड नकोच होतं, स्वस्त लाइव्ह हवं होतं. पाचवा इचलकरंजीचा, यंत्रमागवाला, त्याला वाटलं सगळ्या मशीनना चालेल. सहाव्यानं सांगितलं, "ताई तुमच्यासाठी भरले."

भाचा विचारत होता, मजकूर बदलून पुन्हा बघायचं का. बघता येईल. पहिल्या वेळी मजकूर बदलल्यावरच उत्तरं आली होती, त्यामुळे एका परीक्षेवर रेकॉर्डेडचं दार कायमचं बंद करणं घाईचं होईल. पण यंदा नाही.

४ ऑक्टोबर
भाच्याच्या कॅमेऱ्याला शेवटी काम मिळालं. ते १७ प्रश्न पाच छोट्या व्हिडिओत बसतात, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. ते वेगळे विकायचे नाहीत. बॅचमधल्यांना सत्राच्या दोन दिवस आधी पाठवायचे, आणि सत्र दोन तासांवरून सव्वा तासावर आणायचं. सत्रात मग फक्त शीट उघडायच्या.

दुसऱ्या बॅचचा हिशोब: दहा जागा, फी ८,०००. सत्रं ८ तास, तयारी १०, तपासणी २०, फोन ९, विक्री १५. एकूण ६२ तास, ८०,००० रुपये. तासाला बाराशे नव्वद. विक्रीचे पंधरा तास मी आशेनं धरलेत, पहिल्या आठांपैकी काहीजण माणसं आणतील या भरवशावर. तिथं चुकू शकते. फी आणि सत्राची लांबी दोन्ही एकदम बदलते आहे, म्हणजे २१ जूनचा माझाच नियम मोडते आहे, हेही कळतंय.

११ ऑक्टोबर
खंडेनवमी. शिरोलीच्या भावांनी पूजेला बोलावलं होतं. व्हीएमसीला झेंडूची माळ, टेबलावर नारळ, आणि बाजूला दोरीला ती वही अजून लटकलेली. तिलाही हळदकुंकू लावलं होतं. ऑपरेटर सोडून गेलेला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची बेरीज केली, ६१ तास. ५४ चे ६१.

चहा पिताना थोरला म्हणाला, पार्टीनं चारशे वीस मान्य केलेत, पण फक्त नव्या जॉबला. शेजारच्या शटरमधले एक जण तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा व्हिडिओ हाय का कुठं?" म्हटलं, व्हिडिओ नाही, बॅच आहे, दिवाळीनंतर, आठ हजार, आधी भरायचे. ते "बघूया" म्हणाले. धाकट्यानं त्यांच्या हातात वही दिली आणि ते पानं उलटत बसले.

घरी आले तेव्हा नोंदणीच्या खात्यात तीन जमा होते. चौथे आठ हजार रात्री दहाला आले. नाव बघितलं तर शेजारच्या शटरवाल्यांचं नव्हतं.